जाहिरातीचा हिशेब – लेखांक सातवा : पाहणारे किती, घेणारे किती

गेल्या लेखांकात आपण पाहिलं, की ऑनलाइन जाहिरातीची बोली आता बहुतेक वेळा माणूस लावत नाही, यंत्रणा लावते. कोणत्या माणसाला, कोणत्या वेळी, किती रुपये मोजून जाहिरात दाखवायची हे गुगल ॲड्स किंवा मेटा स्वतः ठरवतं. मात्र हे सगळं कशासाठी करायचं, ते आपणच त्याला सांगावं लागतं. आपण सांगितलेल्या या उद्दिष्टाला मुख्य कन्व्हर्जन म्हणतात. आज विषय आहे तो या उद्दिष्टाबद्दल मार्केटिंग मॅनेजरने आपल्या एजन्सीला लिहायच्या एका पत्राचा : ‘आमचं मुख्य कन्व्हर्जन पेज व्ह्यूवरून काढून खरेदीवर न्यावं.’ हे पत्र म्हणजे अहवालातला एखादा रकाना बदलण्याची विनंती नव्हे. यंत्रणेला दिलेला हुकूमच त्याने बदलतो. म्हणून ते नीट विचार करून आणि पूर्वतयारीनिशी लिहायला हवं.

उदाहरणासाठी नागपूरच्या लकडगंजात जाऊ. लाकडाच्या वखारी आणि आरा मशीन यांनी ओळखला जाणारा हा भाग. समजा, तिथला एक कारखाना सागवानी देव्हारे, पाट आणि चौरंग बनवून स्वतःच्या वेबसाइटवरून विकतो. कारखाना काल्पनिक आहे आणि आकडेही हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. महिन्याला जाहिरातीवर खर्च ६०,००० रुपये, दोन मोहिमांत निम्मा-निम्मा. पहिली मोहीम मोबाइल ॲप आणि इतर वेबसाइटवर चित्रं दाखवते. तिच्यातून ६,००० वेळा देव्हाऱ्याचं पान उघडलं गेलं, म्हणजे एका उघडण्याला ५ रुपये. दुसरी मोहीम ‘सागवानी देव्हारा किंमत’ असं शोधणाऱ्यांसाठी आहे. तिच्यातून ३,००० वेळा पान उघडलं, एका उघडण्याला १० रुपये. अहवालात पहिली मोहीम दुप्पट स्वस्त दिसते. आता ऑर्डरचं रजिस्टर उघडा. पहिलीतून आल्या १० ऑर्डर, दुसरीतून ३०. म्हणजे पहिलीत एका ऑर्डरमागे ३,००० रुपये गेले, दुसरीत १,०००. एका देव्हाऱ्याची किंमत ४,५०० रुपये, आणि लाकूड, मजुरी, पॅकिंग, कुरियर वजा जाता हाती उरतात १,३५० रुपये असं धरू. मग पहिली मोहीम प्रत्येक ऑर्डरमागे १,६५० रुपयांचा खड्डा पाडते आणि दुसरी ३५० रुपये कमावून देते.

पेज व्ह्यू हेच मुख्य कन्व्हर्जन असेल तर यंत्रणा पुढे काय करील? दोन्ही मोहिमांचं बजेट सामायिक असेल, तर ती पैसा पहिल्या मोहिमेकडे वळवील, कारण तिला सांगितलेली वस्तू तिथे स्वस्त मिळते. सगळे ६०,००० तिकडे गेले आणि दर तोच राहिला, तर पेज व्ह्यू ९,००० वरून १२,००० होतील आणि ऑर्डर ४० वरून २० वर येतील. अहवालात एक तृतीयांश वाढ दिसेल, विक्री मात्र निम्मी झालेली असेल. प्रत्यक्षात खर्च दुप्पट केल्यावर दर इतका स्थिर राहत नाही, पण घसरणीची दिशा हीच असते. यात एजन्सीने लबाडी केली असं म्हणण्याचं कारण नाही आणि यंत्रणाही चुकलेली नाही. तिला मागितलं ते तिने दिलं. लकडगंजातला वखारवाला दिवसाचा धंदा सांगताना फाटकातून डोकावणारी माणसं मोजत नाही, फाडलेली बिलं मोजतो. जाहिरातीच्या खात्यात मात्र आपण डोकावणाऱ्यांवरच बक्षीस लावून बसतो.

यामागचं तांत्रिक कारण समजून घेण्यासारखं आहे. यंत्रणा शिकते ती फरकावरून. ज्यांनी अपेक्षित कृती केली आणि ज्यांनी केली नाही, त्यांच्यात वेळ, शहर, उपकरण, शोधलेले शब्द अशा बाबतींत काय वेगळं होतं, हे ती शोधते. जाहिरातीवर क्लिक केलं की पान बहुतेक वेळा उघडतंच. म्हणजे जवळजवळ प्रत्येक क्लिक ‘यशस्वी’ ठरतं आणि शिकायला फरकच उरत नाही. गेम खेळताना चुकून बोट लागलेला मुलगा आणि वास्तुशांतीच्या आधी देव्हारा शोधणारं कुटुंब, दोघं तिच्या लेखी सारखेच. मग निवडीला एकच निकष राहतो, स्वस्त क्लिक. तुमच्या खात्यात ही चूक आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे : अहवालातला कन्व्हर्जन दर ७०-८० टक्क्यांच्या वर असेल, तर बहुधा पेज व्ह्यूच कन्व्हर्जन म्हणून मोजला जातोय. देव्हाऱ्यासारखी वस्तू शंभर क्लिकमागे सत्तर जण विकत घेत नाहीत.

तर पत्रात काय लिहायचं? साधारण असं :

‘स.न.वि.वि. आमच्या गुगल ॲड्स खात्यात सध्या पेज व्ह्यू हे मुख्य कन्व्हर्जन आहे. ते बदलून खरेदी करावं. खरेदीची कृती Primary आणि पेज व्ह्यूची Secondary ठेवावी. पेज व्ह्यू काढून टाकू नये, तो निरीक्षणासाठी राहू द्यावा. एखाद्या मोहिमेला स्वतंत्र उद्दिष्ट लावलेलं असल्यास तेही तपासावं. खरेदीची मोजणी Every अशी असावी आणि प्रत्येक नोंदीसोबत रक्कम व ऑर्डर क्रमांक यावा. बदलाआधी दोन आठवडे आपला आकडा आमच्या ऑर्डर रजिस्टरशी रोज ताडून पाहू. बदल होईल त्या काळात बजेट, जाहिराती किंवा लक्ष्य यांना हात लावू नये. बदलानंतरचा कन्व्हर्जनचा आकडा आधीच्या आकड्याशी तोलला जाणार नाही, याची आमच्याकडून खात्री असू द्यावी.’

या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य रजिस्टरशी ताडून पाहण्याचं आहे, कारण खरेदीची नोंदच खोटी असेल तर यंत्रणा खोट्यावरच शिकेल. वेबसाइटवरून खरेदीची नोंद साधारण अशी जाते :

```
gtag('event', 'purchase', {
  transaction_id: 'LKG-1042',
  value: 4500,
  currency: 'INR',
  items: [{ item_id: 'DEV-12', price: 4500, quantity: 1 }]
});
```

ही नोंद बहुतेक ठिकाणी ‘धन्यवाद’ या शेवटच्या पानावर बसवलेली असते आणि गोंधळ तिथेच होतो. ग्राहकाने ते पान पुन्हा उघडलं तर नोंद पुन्हा जाते. transaction_id भरलेला असेल तर दुसरी नोंद तीच म्हणून ओळखली जाते, नसेल तर एका देव्हाऱ्याचे दोन होतात. उलट बाजूही तितकीच खरी. ग्राहक यूपीआयने पैसे भरायला दुसऱ्या ॲपमध्ये जातो, पैसे भरतो आणि परत ब्राउझरमध्ये येतच नाही. पैसे खात्यात जमा, ऑर्डर रजिस्टरमध्ये, पण ‘धन्यवाद’चं पान उघडलंच नाही म्हणून जाहिरातीच्या खात्यात काहीच नाही. अशा वेळी पेमेंट गेटवेकडून पैसे मिळाल्याचा निरोप थेट वेबसाइटच्या सर्व्हरला येतो, त्यावरून नोंद पाठवण्याची सोय करावी लागते. तिसरा गोंधळ म्हणजे गुगल ॲड्सचा स्वतःचा टॅग आणि ॲनॅलिटिक्समधून आणलेली खरेदी, दोन्ही Primary ठेवणं. मग प्रत्येक विक्री दोनदा मोजली जाते. रजिस्टरमध्ये ऑनलाइन जाहिरातीतून आलेल्या ४० ऑर्डर आणि खात्यात ८०, असं दिसलं तर आधी इथेच पाहावं.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप : पेज व्ह्यू हजारोंनी होतात, खरेद्या चाळीसच, एवढ्यावर यंत्रणा शिकणार काय? आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तर पेज व्ह्यू हे नव्हे. मेटाच्या जाहिरात संचाला शिकण्याच्या टप्प्यातून बाहेर पडायला आठवड्यात सुमारे ५० अपेक्षित कृती लागतात, म्हणजे महिन्याला ४० ऑर्डर तिथे कमीच पडतात. त्यावर दोन उपाय आहेत. पाच-सहा संचांत विखुरलेलं बजेट एकाच संचात आणावं. तेवढ्याने भागलं नाही, तर खरेदीच्या लगतची पायरी, म्हणजे पैसे भरायला सुरुवात करणं, तात्पुरतं उद्दिष्ट म्हणून घ्यावी. पत्ता भरून पैशांपर्यंत आलेला माणूस खरेदीदाराच्या जवळचा असतो. पान उघडलेल्याबद्दल तसं म्हणता येत नाही. पायरी निवडताना निकष एकच : ती वाढली की विक्री वाढते का, हे आपल्याच मागच्या महिन्यांच्या आकड्यांवर तपासायचं.

दुसरा आक्षेप असा, की देव्हारा हजारो रुपयांची वस्तू आहे. लोक वेबसाइट पाहतात आणि लकडगंजात प्रत्यक्ष येऊन, सागावर हात फिरवून घेतात. मग ऑनलाइन खरेदीच मोजली तर दुकानातली विक्री सुटेल. हे खरंच आहे. पण त्यासाठी दुकानातली विक्री मोजायला हवी. वेबसाइटवरून चौकशी करणाऱ्याच्या नोंदीसोबत गुगलचा क्लिक क्रमांक जपून ठेवला, तर पुढे दुकानात बिल झाल्यावर ती विक्री खात्यात चढवता येते. पेज व्ह्यू मोजून दुकानातला एकही ग्राहक दिसत नाही. तिसरा आक्षेप कॅश ऑन डिलिव्हरीचा. ऑर्डर आली म्हणजे पैसे आले असं नाही, पार्सल परतही येतं. इथे खरेदीच्या नोंदीवर थांबून चालणार नाही. परत आलेल्या ऑर्डर त्यांच्या क्रमांकानुसार खात्यातून वजा करण्याची सोय गुगल ॲड्समध्ये आहे आणि ती नेमाने वापरली पाहिजे.

एजन्सीची अडचणही समजून घ्यायला हवी. बदलाच्या दुसऱ्या दिवशी अहवालातली कन्व्हर्जन हजारोंवरून दोन अंकी आकड्यावर येतात आणि प्रत्येक कन्व्हर्जनचा खर्च शेकडो पटींनी वाढलेला दिसतो. कारखान्याच्या मालकाने तेवढंच पाहिलं तर एजन्सीचं काम बिघडलं असंच त्याला वाटेल. म्हणूनच तुलना न करण्याची खात्री पत्रात लेखी दिलेली बरी. आणखी एक गोष्ट मालकाला आधीच सांगावी. गुगल ॲड्स खरेदीची नोंद खरेदीच्या नव्हे, तर क्लिकच्या तारखेला दाखवतं. आज क्लिक करून घरात विचार करून दहा दिवसांनी देव्हारा घेणारा ग्राहक आजच्या तारखेखाली दहा दिवसांनी दिसेल. त्यामुळे शेवटच्या आठवड्याचे आकडे नेहमीच कमी दिसतात. ते पाहून घाईने मोहीम बंद केली, तर पिकत आलेली विक्रीच आपण कापून टाकतो. निर्णय घ्यायचा तो तुमच्या ग्राहकाला क्लिकपासून खरेदीपर्यंत साधारण जितके दिवस लागतात, तेवढे दिवस उलटलेल्या काळावर.

तेव्हा एजन्सीकडून पुढचा मासिक अहवाल येईल तेव्हा कन्व्हर्जनचा आकडा एका हातात आणि ऑर्डरचं रजिस्टर दुसऱ्या हातात घ्या. दोन्ही जुळत नसतील तर बजेट वाढवण्याची चर्चा थांबवा आणि आधी हे पत्र लिहा.