गमीच्या बरणीची मागची बाजू

डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपण होऊन दोन-तीन महिने झाले की अनेकांचे केस अचानक मूठमूठ गळायला लागतात. उशीवर केस, कंगव्यात केस, न्हाणीघराच्या जाळीत केसांचा गोळा. माणूस घाबरतो, मोबाइलवर शोधाशोध करतो आणि दोन दिवसांत गुलाबी गमीची बरणी घरी येते. तीन महिने रोज खाल्ल्यावर गळती खरोखरच थांबते. मग बहिणीला, शेजारणीला, ऑफिसातल्या मैत्रिणीला त्याच बरणीचं नाव सुचवलं जातं.

ही गळती मुळात थांबणारच होती. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण असा धक्का बसला की वाढीच्या अवस्थेतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात. तिथे साधारण तीन महिने राहून मग ते गळतात. मुळं शाबूत असतात. त्यामुळे मूळ कारण दूर झालं की बहुतेकांची गळती सहा महिन्यांच्या आत आपोआप ओसरते. बरणी विकत घेतली जाते ती गळती शिगेला असताना, म्हणजे ओसरायच्या जेमतेम आधी. म्हणूनच ‘मला फरक पडला’ हा अनुभव कितीही प्रामाणिक असला तरी पुरावा ठरत नाही. निम्म्या लोकांना खरी गमी आणि निम्म्यांना हुबेहूब दिसणारी, चवीलाही तशीच, पण औषधी घटक नसलेली गमी देऊन दोन्ही गटांचे केस मोजले, तरच काही कळेल. जाहिरातीत ‘दहापैकी नऊ महिलांना केस दाट वाटले’ असं असेल, तर ‘वाटले’ या क्रियापदावर बोट ठेवा आणि दुसरा गट कुठे आहे ते शोधा.

आता एक लेबल वाचू. ते कोणा एका कंपनीचं नाही. बाजारात दिसणाऱ्या लेबलांच्या धर्तीवर मी ते उदाहरणासाठी जुळवलं आहे. एका गमीत बायोटिन 5000 मायक्रोग्रॅम, कोलॅजन 100 मिलिग्रॅम, ‘हर्बल ब्लेंड’ 150 मिलिग्रॅम आणि साखर दोन ग्रॅम.

बायोटिनपासून सुरुवात करू, कारण बरणीच्या पुढच्या बाजूला सर्वांत मोठ्या अक्षरांत तेच असतं. मोठ्या माणसाला दिवसाला 30 ते 40 मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं आणि अंडी, शेंगदाणे, डाळी यांतून ते बहुतेकांना मिळतं. म्हणजे या गमीत गरजेच्या शंभरपटीहून जास्त बायोटिन आहे. टाकी भरलेली असताना वरून नळ सोडला तर पाणी गटारात जातं, तसं जादा बायोटिन लघवीवाटे निघून जातं. बायोटिनने केस किंवा नखं सुधारल्याच्या प्रसिद्ध नोंदींचा एक आढावा 2017 मध्ये आला. अशा नोंदी भरल्या फक्त 18, आणि त्या प्रत्येक रुग्णाला आधीच काही ना काही मूळ विकार होता. निरोगी माणसाचे केस बायोटिनने दाट होतात, असं दाखवणारा भक्कम प्रयोग नाही. काही लेबलांवर ‘वनस्पतीजन्य बायोटिन’ म्हणून सेस्बॅनियाचा अर्क लिहिलेला असतो. सेस्बॅनिया म्हणजे आपला हादगा, ज्याच्या फुलांची भाजी करतात. नाव परकं झालं की भाव वाढतो, एवढंच.

कोलॅजनचा हिशोब तर पाटीवर करता येईल. कोलॅजनवरचे बरेचसे प्रयोग रोज अडीच ते दहा ग्रॅमचे आहेत, आणि तेही मुख्यतः त्वचेच्या लवचिकतेवर, केसांवर नव्हे. अडीच ग्रॅम गाठायला शंभर मिलिग्रॅमच्या 25 गम्या खाव्या लागतील आणि त्यांतून 50 ग्रॅम साखर पोटात जाईल. छोट्याशा गमीत जेलीचा मालमसाला आणि साखर भरल्यावर अडीच ग्रॅम कोलॅजनला जागाच उरत नाही. शिवाय कोलॅजन मासे किंवा गुरांच्या कातडी-हाडांतून येतं. पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका असेल तर आत कोलॅजन नसून ‘कोलॅजन बिल्डर’ असतो, म्हणजे बहुधा आवळा, क जीवनसत्त्व आणि बांबूचा अर्क. शाकाहाऱ्यांनी उलटंही तपासावं, कारण गमीतलं जिलेटिनही प्राण्यांपासूनच येतं. पेक्टिनची गमी मात्र वनस्पतीजन्य असते.

ब्लेंड ही लेबलावरची सर्वांत अंधारी ओळ. आवळा, माका, ब्राह्मी, अश्वगंधा, सॉ पाल्मेटो अशी पाच नावं आणि सगळ्यांची मिळून 150 मिलिग्रॅमची एकच बेरीज. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणून शेवटचं सॉ पाल्मेटो फार तर 30 मिलिग्रॅम असेल. दोनच मिलिग्रॅमही असू शकेल. पुरुषांच्या टकलावर याच वनस्पतीचा दोन वर्षांचा एक इटालियन प्रयोग आहे. त्यात रोज 320 मिलिग्रॅम दिलं होतं. सुधारणा दिसली 38 टक्क्यांत, तर फिनास्टेराइड या औषधाने 68 टक्क्यांत. त्यातही बनावट गोळीचा गट नव्हता. म्हणजे मात्रा दहापट, पुरावा मध्यम, आणि नाव मात्र गमीवर तेच. गरोदर बाईने तर ही वनस्पती घेऊच नये. माक्याबद्दल केसवाढीचं जे बोललं जातं, त्यातले प्रयोग बरेचसे उंदरांच्या कातडीवर अर्क चोळून केलेले आहेत, गमी खाऊन नव्हे. घरचं माक्याचं तेल आजीने लावलं असेल, तर त्याच्याशीही या गमीचा संबंध नाही.

‘निदान नुकसान तरी नाही’ हा समज सोडलेला बरा. केसांच्या मिश्रणांत सेलेनियम आणि अ जीवनसत्त्वही असतं आणि दोन्ही जास्त झाली तर केस गळतात. 2008 मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरकात चुकून दोनशेपट सेलेनियम पडलं आणि दोनशेच्या आसपास लोक आजारी पडले. त्यांच्यातलं एक ठळक लक्षण केसगळतीच होतं. बुलडाण्यातल्या शेगाव तालुक्यात 2024 च्या अखेरीस गावंच्या गावं टक्कल पडल्याने हादरली, तेव्हाही डॉ. हिंमतराव बावस्करांनी गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं होतं. म्हणून लेबलावर सेलेनियमचा आकडा पाहा आणि घरात मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर दोन्ही आकडे मिळवा.

एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक पाहून दिलासा वाटतो. तो उत्पादक नोंदणीकृत असल्याचं सांगतो. केस वाढतील असं नाही. अशा पाकिटावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असंही छापलेलं असतं, ते बारीक अक्षरांत.

बायोटिनची खरी पंचाईत रक्त तपासणीत होते. थायरॉइड, हृदयविकार आणि काही संप्रेरकांच्या अनेक चाचण्यांमध्ये बायोटिनच वापरून नमुना पकडला जातो. रक्तात ते भरपूर असेल तर टीएसएच खोटा कमी आणि टी-4 खोटा जास्त दिसतो. थायरॉइड धडधाकट असताना रिपोर्ट मात्र थायरॉइड वाढल्याचा येतो. हृदयविकाराच्या झटक्यात पाहतात ते ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला, तेव्हा अशा चुकीच्या ट्रोपोनिनशी निगडित एक मृत्यूही नोंदवला गेला होता. गंमत म्हणजे केस गळतात म्हणून डॉक्टर पहिल्यांदा लिहून देतात ती थायरॉइडचीच चाचणी.

केस गळत असतील तर आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएच तपासून घ्या. लोह कमी निघालं तर उपचार लोहाचा, गमीचा नव्हे. आणि गमी चालू असेलच, तर तपासणीच्या आधी निदान दोन दिवस ती बंद ठेवा, बरणीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून डॉक्टरांना आणि लॅबवाल्यांना दाखवा.