‘रागावली नाहीस ना?’

ती शाळेत शिकवते, तो बँकेत आहे. असं जोडपं डोळ्यांसमोर आणा. मधल्या सुट्टीत त्याचा मेसेज येतो, ‘रागावली नाहीस ना?’ ती लिहिते, ‘नाही रे.’ लगेच पुढचा प्रश्न, ‘मग इतकंच का लिहिलंस?’ रात्री जेवताना ती जरा गप्प असली की पुन्हा तेच: ‘माझा कंटाळा आलाय का तुला?’

तो नाटक करत नाही. त्याला खरोखर भीती वाटते, आणि ‘नाही रे’ ऐकल्यावर ती भीती घटकाभर ओसरते. अडचण त्या घटकाभरातच आहे. विचारलं की बरं वाटतं, एवढं मन शिकतं. न विचारताही भीती आपोआप विरते, हे शिकायची संधी त्याला मिळतच नाही. शिवाय मागून मिळालेल्या उत्तराबद्दल शंका उरतेच: मी विचारलं म्हणून तर ती म्हणाली नसेल?

जेम्स कॉइन या मानसशास्त्रज्ञाने 1976 मध्ये नैराश्याबद्दल लिहिताना हेच चक्र मांडलं होतं. जवळची माणसं धीर देतात, मनातून वैतागतात, तो वैताग लपवतात. पण समोरच्याला तो जाणवतो आणि त्याची शंका वाढते.

तिच्या बाजूने पाहिलं तर दमवणारं असतं ते सततचं जपणं. मुख्याध्यापकांशी खटका उडाला तरी ती घरी सांगत नाही, कारण तिचा पडलेला चेहरा त्याला स्वतःवरचा राग वाटतो. दारात शिरण्याआधी ती चेहरा नीट करते. मेसेज दोनदा वाचून पाठवते. हळूहळू ‘माझं प्रेम आहे’ हे वाक्य ती गृहपाठासारखं उरकू लागते, आणि त्याला नेमकं तेच कळतं. माझ्या मते या नात्यातलं सर्वांत मोठं नुकसान हेच: खरं असलेलं वाक्यही खोटं वाटू लागतं.

उत्तर देणं एकदम बंद केलं तर भीती उसळते. त्यापेक्षा शांत वेळी दोघांनी ठरवावं. प्रश्न आला की तिने एकदाच, मनापासून उत्तर द्यायचं. तोच प्रश्न पुन्हा आला तर म्हणायचं, ‘तुला भीती वाटतेय, मी इथेच आहे, पण याचं उत्तर मी दिलंय.’ त्याने विचारण्याआधी दहा मिनिटं थांबून पाहायचं, मग वीस. न मागता मिळालेली जवळीक त्याच्या मनाला जास्त पटते, म्हणून तिने एरवी आपणहून चार शब्द बोलावेत. सुरुवातीला प्रश्न वाढतील. तेवढ्यावरून प्रयत्न फसला असं समजू नये.

पूर्वी खरंच फसवणूक झाली असेल, तर मात्र प्रश्न विचारणाऱ्याला आजारी ठरवू नये. तिथे उत्तर देणं लागतंच. आणि प्रश्नांच्या जागी फोन तपासणं, माहेरी जायला अडवणं किंवा ‘मी जिवाचं बरंवाईट करीन’ असं म्हणणं सुरू झालं, तर ते घरात निस्तरण्यासारखं राहत नाही. समुपदेशकाकडे जावं, सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं, आणि तिथे फोन तीसुद्धा करू शकते.