स्वल्पविरामाने सांधलेली वाक्ये : चूक की शैली?

इंग्रजी लेखन तपासणारे संपादक आणि शिक्षक एका गोष्टीवर हमखास लाल खूण करतात. दोन पूर्ण वाक्ये, मध्ये ना ‘अँड’ ना ‘बट’, केवळ एक स्वल्पविराम. याला तिकडे ‘कॉमा स्प्लाइस’ म्हणतात. दोन दोरांची टोके एकमेकांत विणून सांधणे म्हणजे स्प्लाइस. म्हणजे स्वल्पविरामाने घातलेला सांधा. हा सांधा व्याकरणाची चूक मानायचा की लेखकाच्या शैलीचा भाग?

आधी एक साधी कसोटी लावून पाहू. ‘द ट्रेन वेअर लेट’ हे वाक्य कागदावर चूक आहे आणि मोठ्याने म्हटले तरी चूकच राहते. कारण तेथे कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ बिघडलेला आहे. आता ‘द ट्रेन वॉज लेट, वी वॉक्ड’ हे म्हणून पाहा. ऐकणाऱ्याला काहीही खटकत नाही. दोष असलाच तर तो फक्त कागदावर आहे. म्हणजे हा प्रश्न वाक्यरचनेचा नसून विरामचिन्हांच्या संकेताचा आहे. असे संकेत भाषेगणिक बदलतात. जर्मनमध्ये ‘सूर्य तळपतो, पक्षी गातात’ अशा धर्तीची दोन स्वतंत्र वाक्ये स्वल्पविरामाने जोडणे नियमाला धरूनच आहे.

इंग्रजीतही हा संकेत नेहमी इतका कडक नव्हता. अठराव्या शतकापर्यंत विरामचिन्हे बरीचशी वाचणाऱ्याच्या श्वासासाठी घातली जात. पुढे ती वाक्याची रचना दाखवू लागली आणि विसाव्या शतकातील लेखन-मार्गदर्शक पुस्तकांनी नियम पक्का केला. विल्यम स्ट्रंक यांच्या 1918च्या ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’मध्ये स्वतंत्र वाक्ये स्वल्पविरामाने जोडू नयेत असा नियम आहे, पण वाक्ये फार छोटी आणि एकाच घडणीची असतील तर स्वल्पविराम चालतो, अशी सवलतही तेथेच आहे.

मग ही निव्वळ आवडीनिवडीची बाब म्हणायची का? तसेही नाही. नियमामागे इंग्रजीची एक खरी अडचण आहे. ‘वी कॉल्ड रमा, द डॉक्टर केम लेटर’ हे वाक्य पाहा. ‘रमा, द डॉक्टर’ इथपर्यंत आलेला वाचक रमा हीच डॉक्टर असे समजतो. पुढे ‘केम’ भेटताच त्याला मागे वळून वाक्य नव्याने लावावे लागते. इंग्रजीत नामाची ओळख करून देणारे पद स्वल्पविरामानंतरच येते आणि नवे वाक्यही नामानेच सुरू होते. एकाच चिन्हावर दोन कामे पडली की घोटाळा होतो. अर्धविराम घातला की तो मिटतो.

‘हाउएव्हर’ या शब्दाने तर अर्थच दुभंगतो. समजा, आधी ‘आम्ही घरून लवकर निघालो’ अशा अर्थाचे वाक्य आहे आणि पुढे लिहिले आहे : ‘द ट्रेन वॉज लेट, हाउएव्हर, द मीटिंग बिगॅन ऑन टाइम.’ हा ‘हाउएव्हर’ कोणाचा? तो मागच्या वाक्याचा असेल तर अर्थ होतो, ‘गाडी मात्र उशिरा आली, सभा वेळेवर सुरू झाली.’ पुढच्याचा असेल तर, ‘गाडी उशिरा आली, सभा मात्र वेळेवर सुरू झाली.’ पहिल्यात विरोध आमच्या लवकर निघण्याशी आहे, दुसऱ्यात गाडीच्या उशिराशी. अर्धविराम ‘हाउएव्हर’च्या अलीकडे की पलीकडे, यावर सगळे ठरते. येथे स्वल्पविराम ठेवणे हा शैलीचा प्रश्न उरत नाही.

मराठीत हीच वाक्ये पाहिली की फरक कळतो. आपला ‘मात्र’ ज्या शब्दामागे उभा राहतो त्याचाच होतो. ‘आम्ही रमाला बोलावलं, डॉक्टर नंतर आले’ येथे ‘बोलावलं’ हे क्रियापद पहिल्या वाक्याचे दार लावून घेते आणि ‘-ला’ हा प्रत्यय रमाची जागा सांगतो. स्वल्पविरामावर फारसा भार पडतच नाही. विरामचिन्हे आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वाटेने आली आणि मेजर थॉमस कँडी यांचा त्यात मोठा वाटा होता. पण चिन्हांबरोबर इंग्रजी वाक्याची अडचण आली नाही. म्हणून मराठी कथेतले ‘दार वाजलं, आई उठली’ हे वाक्य इंग्रजी नियमाच्या धाकाने तोडणारा मुद्रितशोधक लेखकाची लय विनाकारण मोडतो. उलट, तेच वाक्य इंग्रजीत नेणाऱ्या अनुवादकाने थांबून पाहायला हवे.

त्याने पाहायचे ते एवढेच : वाक्ये छोटी आणि सारख्या घडणीची आहेत का, एकामागोमाग घडणारे एकच चित्र ती उभे करतात का, आणि स्वल्पविरामानंतरचे पद मागच्या शब्दाला चिकटण्याचा धोका आहे का? पहिल्या दोहोंना होकार आणि तिसऱ्याला नकार मिळाला, तर सांधा राहू द्यावा. वाचकाला मागे वळावे लागत असेल, तर ती चूकच. मात्र व्याकरणाची नव्हे, विरामचिन्हाची.