तीन कोडर, शंभर बातम्या आणि एक अल्फा

आशयविश्लेषणात बातम्या, भाषणे किंवा जाहिराती ठरलेल्या प्रश्नांनुसार वाचून प्रत्येकीला एक खूण दिली जाते. खुणा देणाऱ्याला कोडर म्हणतात आणि खुणांचे नियम कोडबुकात लिहिलेले असतात. एकच मजकूर वेगवेगळ्या कोडरांनी स्वतंत्रपणे वाचला, तर खुणा कितपत जुळतात, हे अशा अभ्यासाला सांगावे लागते. अनेक अहवाल ‘९२ टक्के एकमत’ एवढेच लिहून पुढे जातात. हा आकडा दिसतो तेवढा भक्कम नसतो.

समजा, शेतीविषयक १०० बातम्या तीन कोडरांनी वाचल्या. प्रश्न एकच होता : बातमीत शेतकऱ्याचे स्वतःचे म्हणणे आले आहे का? ८४ बातम्यांना तिघांनीही ‘नाही’ म्हटले आणि चारांना ‘होय’. उरलेल्या १२ बातम्यांत दोघे एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला गेला. त्यांतल्या सहांत बहुमत ‘होय’चे होते, सहांत ‘नाही’चे. तीन कोडरांच्या प्रत्येक बातमीमागे तीन जोड्या होतात, म्हणजे एकूण ३००. मत फुटलेल्या बातमीत त्यांतल्या दोन जोड्या जुळत नाहीत. अशा २४ जोड्या, म्हणजे ८ टक्के मतभेद आणि ९२ टक्के एकमत.

पण दिलेल्या ३०० खुणांपैकी ‘होय’ फक्त ३० आहेत. बातमी न वाचताच या ढिगातून कोणत्याही दोन खुणा उचलल्या, तरी त्या वेगळ्या निघण्याची शक्यता सुमारे १८ टक्केच असते. म्हणजे ८२ टक्के एकमत फुकटच पदरात पडते. ‘नाही’ हे उत्तर जितके सर्रास, तितके हे फुकटचे एकमत जास्त. क्लाउस क्रिपेनडॉर्फ यांचा अल्फा ते वजा करतो : प्रत्यक्ष मतभेदाला योगायोगाने अपेक्षित मतभेदाने भागायचे आणि उत्तर १ मधून वजा करायचे. येथे ०.०८ भागिले ०.१८ म्हणजे सुमारे ०.४४, म्हणून अल्फा ०.५६. शून्याचा अर्थ योगायोगापेक्षा काहीच बरे नाही, १ चा अर्थ पूर्ण एकमत. ०.८०० किंवा त्याहून अधिक अल्फा असेल तर माहितीवर विसंबावे, ०.६६७ ते ०.८०० दरम्यान निष्कर्ष जपून काढावेत, असे क्रिपेनडॉर्फ सांगतात. ९२ टक्क्यांचा हा अभ्यास खालच्या मर्यादेपर्यंतही पोहोचत नाही.

जेकब कोहेन यांचा १९६० चा कप्पा दोन कोडरांसाठी आहे. जोसेफ फ्लाइस यांनी १९७१ मध्ये अनेक कोडरांसाठीचे माप दिले. वरच्या उदाहरणात तेही ०.५६च येते. अल्फाची सोय अशी, की एखाद्या कोडरने काही बातम्या वाचल्या नसल्या तरी तो काढता येतो.

आता त्या १२ बातम्यांचे काय करायचे? बहुमताने निकाल लावणे सोपे, पण त्यात मतभेदाचे कारण दडून जाते. बातम्या पुन्हा वाचल्यावर असे दिसले, की बहुतेक ठिकाणी शेतकरी संघटनेच्या नेत्याचे विधान होते. कोणी त्याला शेतकरी मानत होते, कोणी नव्हते. दोष कोडरांचा नसून कोडबुकाचा होता. ‘संघटनेच्या पदाधिकाऱ्याने पदाधिकारी म्हणून केलेले विधान धरू नये’ असा नियम जोडला गेला. मग तिघांनी नव्या १०० बातम्या एकमेकांशी न बोलता वाचल्या. या वेळी मत फक्त चार बातम्यांत फुटले आणि अल्फा ०.८७ आला. जुन्याच बातम्या पुन्हा वाचून अल्फा काढला असता, तर चर्चेची आठवण मोजली गेली असती. चर्चेनंतरच्या खुणांवर एकमत मोजणे ही या कामातली फसवी चूक आहे. तिथे अल्फा फुगून येणारच.

म्हणून अहवालात क्रम स्पष्ट हवा. उदाहरणार्थ : ‘तीन प्रशिक्षित कोडरांनी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १०० बातम्या स्वतंत्रपणे वाचल्या. शेतकऱ्याचे म्हणणे या प्रश्नासाठी क्रिपेनडॉर्फ अल्फा ०.८७ होता, तो चर्चेपूर्वीच्या खुणांवर काढला आहे. त्याआधीच्या फेरीत तो ०.५६ होता, त्यानंतर नियम स्पष्ट केला. मत फुटलेल्या चार बातम्यांपैकी तीन चर्चेने सुटल्या, एकीचा निर्णय चौथ्या वाचकाने कोडरांच्या खुणा न पाहता दिला.’ पहिल्या फेरीचा कमी आकडा लपवण्याचे कारण नाही. तोच नियम का बदलला हे सांगतो.

अभ्यासात दहा प्रश्न असतील तर दहा अल्फा द्यावे लागतात. सरासरी ०.८५ असली, तरी बातमीची तारीख किंवा पान यांसारख्या सोप्या प्रश्नांच्या पूर्ण एकमतामागे एखाद्या अवघड प्रश्नाचा ०.५० सहज लपतो. शंभरांत दोन-तीनदाच येणाऱ्या खुणेचा अल्फा एका मतभेदानेही कोसळतो. तेथे नमुन्यात त्या प्रकारच्या बातम्या मुद्दाम जास्त घ्याव्यात आणि तसे केल्याचे लिहावे. एवढे करूनही अल्फा वर येत नसेल, तर तो प्रश्न विश्लेषणातून वगळला जातो आणि तो का वगळला, हे अहवालात नोंदवले जाते.