चौरस तरंगाची फूरिये श्रेणी व उडीजवळील अतिरेक

आळीपाळीने +१ व −१ ही मूल्ये घेणाऱ्या, २π आवर्तनाच्या चौरस तरंगाची फूरिये श्रेणी पुढीलप्रमाणे आहे :

f(x) = (4/π)(sin x + (1/3) sin 3x + (1/5) sin 5x + …)

हीत केवळ विषम संनादी येतात व त्यांचे आयाम १, १/३, १/५ या प्रमाणात घटतात. पदे वाढविली असता आलेख चौरस आकाराच्या जवळ जातो. मात्र उडीलगतचे शिखर +१ च्या वरच राहते. n पदांच्या बेरजेचे पहिले शिखर x = π/(2n) येथे असते. त्याची उंची एका पदासाठी १.२७३, दोन पदांसाठी १.२०० व तीन पदांसाठी १.१८८ येते. हा क्रम १ कडे न जाता १.१७९ कडे जातो. म्हणजेच २ एककांच्या उडीच्या सुमारे ९ टक्के अतिरेक कायम राहतो.

मग श्रेणी अभिसारी कशी? शिखराची उंची टिकते, परंतु त्याचे स्थान उडीकडे सरकते. उडीखेरीज कोणताही बिंदू निश्चित केल्यास शिखर अखेरीस त्याच्यापासून दूर उडीकडे जाते आणि तेथील बेरीज फलनाच्या मूल्याकडे जाते. अभिसरण बिंदुशः आहे, एकसमान नाही. विल्ब्रॅहम यांनी १८४८ मध्ये दाखविलेली ही घटना १८९९ मध्ये गिब्ज यांनी पुन्हा मांडली आणि ती त्यांच्याच नावाने रूढ झाली. पदसंख्या वाढवून अतिरेकाची रुंदी घटविता येते, उंची नव्हे.