टेलिस्कोप नंतर, आधी मृग

आकाशनिरीक्षण मंडळात नवा सभासद आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता टेलिस्कोप घेऊ? जाणते सभासद त्याचं मनापासून स्वागत करतात आणि खरेदी निदान एक हिवाळा तरी पुढे ढकलायला सांगतात.

त्यामागे साधा हिशोब आहे. बाजारात ‘५२५ पट’ असं छापलेले स्वस्त टेलिस्कोप मिळतात. त्यांचा आरसा बहुधा ७६ मिलिमीटरचा आणि नाभीय अंतर ७०० मिलिमीटर असतं. ४ मिलिमीटरचा आयपीस लावला की वर्धन होतं १७५ पट, आणि तिप्पट करणारं बार्लो भिंग जोडलं की ५२५. पण आरसा जितक्या मिलिमीटरचा, त्याच्या साधारण दुप्पट वर्धनापर्यंतच चित्र नीट राहतं; म्हणजे इथे दीडशेच्या आसपास. त्यापुढे शनी मोठा दिसतो खरा, पण अंधूक आणि फिस्कटलेला. शिवाय तिकाटणं डुगडुगत असेल तर तो दृष्टिक्षेत्रात टिकतच नाही. मग ती नळी माळ्यावर जाते आणि नवा सभासद मंडळात यायचा थांबतो. हे नुकसान सहज टाळता येतं.

सुरुवातीला १० × ५० ची द्विनेत्री पुरते. यातला दहा म्हणजे वर्धन आणि पन्नास म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. हात थरथरतात, म्हणून सतरंजीवर आडवं पडून किंवा कोपरं कठड्यावर टेकवून बघावं.

पहिला धडा जानेवारीतल्या अमावास्येच्या आसपास, रात्री नऊच्या सुमारास घ्यावा. मुंबईची मंडळी त्यासाठी वांगणीसारख्या ठिकाणी जातात. पोचल्यावर अर्धा तास मोबाइल खिशातच ठेवायचा, कारण डोळ्यांना अंधार सरावायला तेवढा वेळ लागतो आणि पांढऱ्या उजेडाची एक तिरीपही तो सराव मोडते. नकाशा बघायला टॉर्चवर लाल जिलेटिन लावलेलं असतं.

मग मृग शोधायचा. एका ओळीतले तीन ठळक तारे म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण. ती ओळ आग्नेयेकडे वाढवली की आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, व्याध, सापडतो. उलट दिशेने वर गेलं की तांबूस रोहिणी लागते आणि तिच्यापुढे कृत्तिकांचा झुबका. नुसत्या डोळ्यांना त्यात सहाएक तारे मोजता येतात, द्विनेत्रीतून डझनावारी.

आता परत बाणाकडे यावं. त्याच्या दक्षिणेला फिकट ताऱ्यांची एक छोटी ओळ आहे. तिच्यातला मधला ठिपका द्विनेत्रीत ताऱ्यासारखा टोकदार दिसत नाही, धूसर राहतो. फोकस पुन्हा फिरवून बघावा: शेजारचे तारे टोकदार झाले आणि हा तरीही धूसरच राहिला, तर चूक भिंगाची नाही. तो मृगातला तेजोमेघ आहे, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा, जिथे आजही नवे तारे जन्माला येत आहेत. छायाचित्रांतला गुलाबी रंग मात्र डोळ्यांना दिसणार नाही. इतक्या मंद उजेडात आपल्याला रंग ओळखता येत नाहीत, हे नव्या सभासदाला आधीच सांगून ठेवायला हवं.