परिच्छेदातून पंधरा आठवडे

विद्यापीठाच्या अभ्यासपत्रिकेत सगळा विषय एका परिच्छेदात कोंबलेला असतो. पदवीच्या इतिहासातल्या 'एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचे प्रबोधन' या विषयाचा परिच्छेद साधारण असा असतो: पार्श्वभूमी: ब्रिटिश राजवट, मिशनरी, नवे शिक्षण, वृत्तपत्रे. सुरुवातीचे सुधारक: बाळशास्त्री जांभेकर, लोकहितवादी, महात्मा फुले व सत्यशोधक समाज. स्त्रीप्रश्न: विधवाविवाह, संमतिवय, ताराबाई शिंदे, पंडिता रमाबाई. रानडे, आगरकर, टिळक: सामाजिक सुधारणा आधी की राजकीय? असे चार घटक, प्रत्येकी १५ तासिका.

वाचायला सोपे वाटते, पण सोमवारी वर्गात काय शिकवायचे आणि रविवारी विद्यार्थ्याने काय वाचायचे, याचे उत्तर त्यात कुठेच नाही. ते उत्तर देण्यासाठी या परिच्छेदाचा तक्ता करावा लागतो.

बहुतेक जण सुरुवात विषयापासून करतात. मी आधी आठवडे मोजते. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे ६० तासिका, आठवड्याला चार, म्हणून कागदावर १५ आठवडे. पण पहिला आठवडा प्रवेश चालू असल्यामुळे अर्धा वर्ग रिकामा असतो, एक गणपतीत जातो, एक अंतर्गत परीक्षेत. उरले १२. त्यांतला एक मुद्दाम मोकळा ठेवायचा, कारण मुसळधार पावसाची सुट्टी किंवा निवडणुकीची ड्युटी आधी सांगून येत नाही. म्हणजे नवा विषय शिकवायला हाती ११ आठवडे. चार घटकांना समान वाटले तर प्रत्येकाला पावणेतीन येतात. पार्श्वभूमी दोन आठवड्यांत आवरता येते, म्हणून मी तिला दोन देते आणि बाकीच्या तिघांना तीन-तीन. परीक्षेत गुण समान असले तरी पार्श्वभूमीचे मुद्दे पुढच्या प्रत्येक घटकात पुन्हा येतच राहतात.

आता परिच्छेदातली विरामचिन्हे. इथे नवशिका शिक्षक हमखास फसतो. 'मिशनरी, नवे शिक्षण, वृत्तपत्रे' यातले स्वल्पविराम एकाच चित्राचे तुकडे दाखवतात. ते एका आठवड्यात एकत्र येऊ शकतात. 'ताराबाई शिंदे, पंडिता रमाबाई' यातला स्वल्पविराम मात्र दोन स्वतंत्र लेखिकांना जोडतो. त्यांना एकाच आठवड्यात बसवले की दोघींपैकी एकीचेही पुस्तक उघडले जात नाही, फक्त चरित्र सांगितले जाते. म्हणून प्रत्येक स्वल्पविरामापाशी थांबून विचारावे: याच्या पुढे नवे वाचन सुरू होते का? होत असेल तर तक्त्यात नवी ओळ.

परिच्छेदाचा क्रमही जसाच्या तसा पाळता येत नाही. फुल्यांचे 'गुलामगिरी' १८७३ चे, त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला. ते दुसऱ्या घटकात नीट बसते. पण फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'चे अंक काढले आणि त्यांत रमाबाईंच्या धर्मांतराचा व ताराबाईंच्या पुस्तकाचा विषय घेतला. ताराबाईंची 'स्त्री-पुरुष तुलना' न वाचता 'सत्सार' समजणार कसा? मग 'सत्सार' तिसऱ्या घटकात, ताराबाईंच्या मागोमाग ठेवायचा. उलट 'संमतिवय' परिच्छेदात स्त्रीप्रश्नाखाली आहे, पण १८९१ च्या त्या कायद्यावरून आगरकर आणि टिळक समोरासमोर उभे राहिले. 'सामाजिक की राजकीय' हा चौथ्या घटकाचा प्रश्न तिथेच सगळ्यात ठसठशीत दिसतो, म्हणून संमतिवय मी शेवटच्या आठवड्यात नेते. तिसऱ्या घटकाच्या ओळीत फक्त 'पुढे पाहा, आठवडा १२' एवढे लिहिते, म्हणजे अभ्यासक्रमाशी ताळा जुळतो.

वाचन ठरवताना पुस्तकाचे नाव पुरत नाही. लोकहितवादींची 'शतपत्रे' १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये आली, ती एकूण १०८ आहेत. प्रत्येक पत्र लहान, म्हणून पाच-सहा पत्रे निवडून आठवडा भरता येतो. 'गुलामगिरी' धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपात आहे आणि तिचे सोळा भाग आहेत, त्यामुळे तिलाही कापता येते. 'स्त्री-पुरुष तुलना' मात्र एका दमात लिहिलेला निबंध आहे, मध्ये प्रकरणे नाहीत. तिथे हातातल्या आवृत्तीचे पान शोधून 'या परिच्छेदापर्यंत' असे लिहावे लागते. आणि एकोणिसाव्या शतकातले मराठी गद्य आजच्या मुलांना हळू वाचावे लागते. ते किती हळू, हे अंदाजाने ठरवू नये. पहिल्याच तासाला एक पान वर्गात वाचून घड्याळ पाहावे आणि त्यावरून आठवड्याची पाने ठरवावीत.

तिसऱ्या घटकाच्या ओळी अशा होतात:

| आठवडा | विषय | वर्गाआधी वाचायचे | वर्गात |
|---|---|---|---|
| ६ | विधवाविवाह कायदा १८५६. सुरतेचा विजयालक्ष्मी खटला | 'स्त्री-पुरुष तुलना', पहिला अर्धा | ताराबाईंना राग कोणाचा आला? |
| ७ | ताराबाईंचा युक्तिवाद आणि फुल्यांचा पाठिंबा | उरलेला अर्धा. 'सत्सार'मधील निवडक भाग | मुद्द्यांची यादी, पुराव्यासह |
| ८ | पंडिता रमाबाई | 'द हाय कास्ट हिंदू वुमन' (१८८७), वैधव्याचे प्रकरण | दोघींच्या मांडणीची तुलना |
| ९ | मोकळा | काही नाही | मागे राहिलेले. निबंध जमा |

सुरतेचा खटला सहाव्याच आठवड्यात का? १८८१ मध्ये विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली, अपिलात ती काळ्या पाण्याची झाली. त्यावरून वर्तमानपत्रांत जी शेरेबाजी झाली तिला उत्तर म्हणून ताराबाईंनी लिहिले. खटला माहीत नसेल तर त्यांचा सूर नुसता संतापाचा वाटतो. निबंधाची तारीखही मी नवव्या आठवड्यात टाकली आहे, कारण तुलना करायला दोन्ही पुस्तके वाचून व्हायला हवीत. निबंध सातव्या आठवड्यात मागणारे तक्ते मी पाहिले आहेत. त्यांत विद्यार्थी न वाचलेल्या पुस्तकावर लिहितात.

तक्ता झाला की तो शेवटच्या ओळीपासून वर वाचावा. वरून वाचताना सगळे सुरळीत वाटते, कारण सुरुवातीचे आठवडे ऐसपैस असतात. शेवटून वाचले की बाराव्या आठवड्यात रानडे, आगरकर, टिळक आणि प्रार्थना समाज एकत्र कोंबलेले दिसतात, आणि आपला चौथा घटक दरवर्षी घाईत का उरकतो हे कळते. आणखी दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. विषयाच्या रकान्यात तीनपेक्षा जास्त नावे आली की ती ओळ फुटायला हवी. वाचनाच्या रकान्यात 'संपूर्ण' किंवा 'संबंधित भाग' असे शब्द दिसले की तो रकाना अजून भरलेला नाही असे समजावे.

प्रत्येक ओळीला आठवड्याच्या क्रमांकाबरोबर सोमवारची तारीखही लावावी. एखादा आठवडा वाया गेला तर तारखा खाली सरकतात, क्रमांक तसेच राहतात, आणि वर्गाला 'आपण सहाव्यावर आहोत' असे सांगता येते. नववा मोकळा आठवडा आधीच वापरून झाला आणि त्यानंतर आणखी एक गेला, तर काय सोडायचे हेही तक्त्यात आधीच लिहिलेले असावे. माझ्या तक्त्यात दहाव्या आठवड्यातल्या रानड्यांच्या भाषणावर पेन्सिलीने खूण आहे: भाषण वर्गात वाचायचे नाही, १८८७ च्या सामाजिक परिषदेची माहिती अकराव्या आठवड्याच्या पहिल्या तासिकेत सांगायची. ताराबाईंच्या दोन आठवड्यांवर अशी खूण नाही.